डोअर क्लोजर (जड दारावर बसवणं)

डोअर क्लोजर म्हणजे दार आपोआप आणि हळू बंद करणारं यंत्र. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात एक दणकट स्प्रिंग आणि तेल असतं, दार उघडलं की स्प्रिंग दाबली जाते, सोडलं की तीच स्प्रिंग दार परत ढकलते आणि तेल छोट्या वाटेने सरकत असल्यामुळे दार धाडकन येत नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. दार ओढायची ताकद स्प्रिंगची, वेग तेलाच्या व्हॉल्व्हचा. नागपुरात बहुतेक गडबड होते ती या दोन्ही एकच समजल्यामुळे.

समजा नागपूरच्या महाल भागात एक अभ्यासिका आहे. दार सागवानाचं, 1000 मिमी रुंद, 2100 मिमी उंच, 40 मिमी जाड, म्हणजे वजन साधारण 55 किलो, आणि ते बाहेर व्हरांड्याकडे उघडतं. क्लोजरचे साइझ दाराच्या रुंदीवर आणि वजनावर ठरतात: 3 नंबर 950 मिमी आणि 60 किलोपर्यंत, 4 नंबर 1100 मिमी आणि 80 किलोपर्यंत, 5 नंबर 1250 मिमी आणि 100 किलोपर्यंत. वजन बघितलं तर हे दार 3 मध्ये बसतं, पण रुंदीत बसत नाही, म्हणून 4 नंबर धरायचा, कारण दार जेवढं रुंद तेवढी कडेची ओढ जास्त लागते.

आता आर्म, म्हणजे पल्ला आणि चौकट जोडणारा दुमडता दांडा, कुठे लावायचा. दार जिकडे उघडतं त्या बाजूला डबा पल्ल्यावर आणि आर्म चौकटीवर, ही साधी पद्धत, आणि यात स्प्रिंगची ताकद सगळ्यात चांगली मिळते. पण आपल्या दाराला ती बाजू व्हरांड्याची, म्हणजे मे महिन्याचं ऊन आणि पावसाचा मारा थेट डब्यावर, आणि उन्हात तेल पातळ झालं की दार सुसाट बंद होतं. म्हणून डबा आत घ्यायचा. आत दोन पर्याय राहतात. एक पॅरलल आर्म, डबा पल्ल्यावर आणि आर्म दाराला समांतर दुमडलेला, दिसायला सुटसुटीत पण ताकद सुमारे पाव कमी होते. दुसरा, डबा चौकटीवर आणि आर्म पल्ल्यावर, ताकद चांगली मिळते पण चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात डबा मावला पाहिजे, आणि वर काचेचा व्हेंटिलेटर असला की तिथे जागाच उरत नाही. अभ्यासिकेत असा व्हेंटिलेटर आहे, म्हणून पॅरलल आर्म, आणि पाव ताकद जाणार म्हणून क्लोजर 5 पर्यंत स्प्रिंग वाढवता येईल असाच घ्यायचा.

बसवायच्या आधी आर्म न जोडता दार हाताने हलवून बघा. बिजागरी लोंबली असेल किंवा पावसाळ्यात पल्ला फुगून चौकटीला घासत असेल तर कितीही भारी क्लोजर ते दार लॅच करू शकत नाही. मग क्लोजरच्या खोक्यात येणारा कागदी टेम्पलेट चिकटवून छिद्रं मारा, दार डावं की उजवं ते आणि डब्याचं तोंड कुठल्या बाजूला ते त्यावरच असतं, अंदाजाने उलटं बसवलं तर आर्म नीट फिरत नाही. स्क्रू वरच्या जाड पट्टीत गेले पाहिजेत, पोकळ फ्लश डोअर असेल तर आरपार बोल्ट.

वेग ठरवताना दोन व्हॉल्व्ह लागतात. पहिला दार 90 अंशांवरून 10-15 अंशांपर्यंत आणतो, दुसरा शेवटचा लॅचचा टप्पा सांभाळतो. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की मंद, उलट फिरवलं की जलद, एका वेळी पाव फेरीच, आणि पूर्ण बाहेर कधीच काढायचा नाही, तेल निघून येतं. पहिला टप्पा 5 ते 7 सेकंदांत पार पडला की पुरे.

खरी अडचण एप्रिलमध्ये येते. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत लोटतो, खोली बंद असेल तर आत दाब वाढतो आणि बाहेर उघडणारं दार तो उघडं धरून ठेवतो, दार चौकटीपाशी येऊन बोटभर फटीवर थांबून राहतं. लोक लगेच लॅचचा व्हॉल्व्ह उघडतात, दार लागतं, पण रात्री कूलर बंद केला की तेच दार आपटतं, काच खणखणते. उपाय व्हॉल्व्हमध्ये नाही. आधी समोरची एक खिडकी थोडी उघडा, कूलरची हवा बाहेर गेली की दाब जातो, आणि त्यानेही भागलं नाही तर स्प्रिंगचा स्क्रू फिरवून ताकद वाढवा, मग कूलर चालू आणि बंद, दोन्ही स्थितींत वेग बघा. ताकद जास्त वाढवली तर लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दार उघडणं जड जातं, म्हणून लॅच होईल एवढीच.

बॅकचेकचा तिसरा व्हॉल्व्ह असेल तर मे महिन्यातल्या वावटळीत तो कामी येतो, दार वाऱ्याने झपकन उघडताना शेवटी अडवतो, तरी जमिनीवरचा स्टॉपर लागतोच. डब्याखाली तेलाचा ओघळ दिसला, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण घट्ट करूनही दार आपटत असेल, तर आतलं सील गेलेलं असतं, आणि मग क्लोजर बदलावाच लागतो.