थंड पेयांतील कॅफिन

कॅफिन हा चहाची पाने, कॉफीच्या बिया, कोला नट आणि ग्वाराना या वनस्पतींत आढळणारा उत्तेजक पदार्थ आहे. कोला आणि ‘एनर्जी ड्रिंक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयांत तो मुद्दाम घातलेला असतो. किराणा दुकानात किंवा टपरीवर ही दोन्ही पेये एकाच फ्रिजमध्ये शेजारी ठेवलेली असतात, आणि गिऱ्हाईक दोघांनाही ‘कोल्ड्रिंक’च म्हणते. अन्न सुरक्षेचे नियम मात्र त्यांना वेगळे मानतात. खरेदी करताना हा फरक सर्वात आधी लक्षात घ्यावा लागतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार साध्या कार्बोनेटेड पेयात एका लिटरमागे जास्तीत जास्त 145 मिलिग्रॅम कॅफिन चालते. प्रत्यक्षात नेहमीच्या कोलात ते लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 25 मिलिग्रॅम. लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असलेले पेय ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ या वेगळ्या वर्गात जाते. बाजारातील एनर्जी ड्रिंक बहुधा या मर्यादेच्या वरच्या टोकाला असतात. अशा 250 मिलिलिटरच्या बाटलीत 75 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकते, म्हणजे तेवढ्याच कोल्याच्या सुमारे तिप्पट.

या वर्गातील पेयाच्या वेष्टनावर ‘हाय कॅफिन’ असे लिहावे लागते. दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये, तसेच लहान मुले, गरोदर व स्तनदा स्त्रिया आणि कॅफिनचा त्रास होणाऱ्या व्यक्तींसाठी हे पेय योग्य नाही, अशी सूचनाही द्यावी लागते. या सूचना बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि बाटलीच्या मागच्या बाजूला असतात. ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या आहेत त्या शाळकरी मुलांपर्यंत त्या क्वचितच पोहोचतात. कोल्याच्या लेबलवर ‘कॅफिन आहे’ एवढेच लिहिलेले असते, प्रमाण बहुधा नसते. एनर्जी ड्रिंकवर प्रमाण दिलेले असते, पण पुष्कळदा दर 100 मिलिलिटरमागे. 30 हा आकडा वाचून पेय सौम्य वाटते. पण पोटात अख्खी बाटली जाते, म्हणून बाटलीत जितके शंभर मिलिलिटर असतील, तितक्याने त्या आकड्याला गुणावे लागते; 250 मिलिलिटरच्या बाटलीसाठी अडीचने. ग्वाराना हा घटक स्वतंत्र लिहिलेला असला तरी त्यातूनही कॅफिनच मिळते.

कॅफिन शरीराला ऊर्जा देत नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोप व थकवा जाणवतो. मेंदूच्या पेशींवर अ‍ॅडेनोसिन ज्या जागी चिकटते, तिथे कॅफिन जाऊन बसते, म्हणून थकवा असूनही कळत नाही. या पेयांतील खरी ऊर्जा साखरेतून येते. प्यायल्यानंतर अर्ध्या ते एका तासात रक्तातील कॅफिनची पातळी सर्वात वर जाते. त्यानंतर यकृत ते हळूहळू मोडते. निरोगी प्रौढ माणसात निम्मे कॅफिन जायला सरासरी पाच तास लागतात.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत वजन महत्त्वाचे ठरते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 च्या अहवालात मुले व किशोरांसाठी शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 3 मिलिग्रॅम हे प्रमाण धरले आहे. आठवी-नववीतला 40 किलो वजनाचा मुलगा घेतला तर त्याची दिवसाची मर्यादा 120 मिलिग्रॅम होते. सकाळ-संध्याकाळ एकेक कप चहा घेतला तर सुमारे 70 ते 80 मिलिग्रॅम कॅफिन पोटात जाते. रात्री आठला अभ्यासासाठी एक एनर्जी ड्रिंक घेतले की बेरीज दीडशेच्या आसपास पोहोचते. एकच बाटली प्यायली असल्याने आपण मर्यादा ओलांडली हे त्या मुलाच्या किंवा आईवडिलांच्या ध्यानात येत नाही. त्या बाटलीतील निम्मे कॅफिन रात्री एक वाजताही अंगात असते. झोप उशिरा लागते आणि उथळ राहते. सकाळी वर्गात पेंग येते, आणि संध्याकाळी पुन्हा बाटली हवीशी वाटते. हे चक्र परीक्षेच्या दिवसांत सर्वाधिक दिसते, आणि वाचलेले स्मरणात पक्के व्हायला झोपच लागते.

मर्यादेच्या आत राहिले तरी हे पेय मुलांसाठी योग्य ठरत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्येच मुलांच्या व किशोरांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला स्थान नसावे, असे स्पष्ट म्हटले. गरम चहा घोट घोट घेतला जातो. हे पेय गार आणि गोड असल्याने दोन मिनिटांत संपते आणि लगेच दुसरे घेता येते. हात थरथरणे, छातीत धडधड, चिडचिड, मळमळ आणि झोप उडणे ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे आहेत. हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष असलेल्या मुलाला धोका अधिक असतो, आणि तो दोष अनेकदा आधी कळलेला नसतो.

गरोदर स्त्रीच्या शरीरात कॅफिन रेंगाळते. ते मोडणाऱ्या यकृतातील विकराचे काम गरोदरपणात मंदावते, आणि शेवटच्या तिमाहीत निम्मे कॅफिन जायला 15 तासांच्या आसपास लागू शकतात. दुपारी घेतलेल्या पेयातील निम्मा भाग पहाटेपर्यंत रक्तात राहतो आणि त्यावर सकाळच्या चहाची भर पडते. कॅफिन वारेतून सहज पलीकडे जाते. गर्भाकडे ते मोडण्याची व्यवस्था जवळजवळ नसते, त्यामुळे आईच्या रक्तात ते जितका वेळ राहील तितका वेळ बाळावरही त्याचा परिणाम होत राहतो.

बाळाचे जन्मवजन कमी असणे आणि गर्भपात यांचा अधिक कॅफिनशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. हे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले असल्याने एखाद्या स्त्रीच्या बाबतीत कॅफिन हेच कारण होते, असे म्हणता येत नाही. युरोपीय प्राधिकरण गरोदरपणात दिवसाला 200 मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा सांगते. जागतिक आरोग्य संघटना 300 पेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्या स्त्रियांना ते कमी करण्याचा सल्ला देते. आपल्याकडे चहाचा विचार केल्याशिवाय हे हिशेब अपुरे राहतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसाला तीन कप चहा घेणाऱ्या स्त्रीच्या पोटात त्यातूनच 100 ते 200 मिलिग्रॅम जाते. तिने एखादे वेळी छोटा ग्लास कोला घेतला तर घाबरण्याचे कारण नाही, पण त्या दिवशी एक चहा कमी करावा. एनर्जी ड्रिंक मात्र तिने विकतच घेऊ नये, आणि स्तनपान सुरू असेपर्यंत हाच नियम पाळावा, कारण नवजात बाळाला निम्मे कॅफिन बाहेर टाकायला तीनेक दिवस लागतात.

महाराष्ट्रात जुलै 2024 मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून 500 मीटरच्या परिसरात अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याचे विधान परिषदेत जाहीर केले. लिथुएनियाने 2014 पासून, तर पोलंडने 2024 पासून 18 वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यावर बंदी घातली आहे.

रोज कॅफिन घेणाऱ्याने ते एकदम सोडले तर दुसऱ्या दिवशी डोके दुखते आणि सुस्ती येते. हा त्रास काही दिवसांत ओसरतो, आणि आठवडाभरात मात्रा थोडी थोडी उतरवली तर फारसा जाणवत नाही. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे किंवा धडधड न थांबणे यांपैकी काही झाले, तर रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि रिकामी बाटली सोबत ठेवावी, म्हणजे डॉक्टरांना मात्रेचा अंदाज घेता येतो.