पाळीतील औषधजन्य बिघाड

एखादे औषध सुरू केल्यावर किंवा त्याची मात्रा वाढवल्यावर मासिक पाळी लांबणे, अनियमित होणे किंवा थांबणे याला पाळीतील औषधजन्य बिघाड म्हणतात. भ्रम-भासांच्या मनोविकारांवरील अँटिसायकोटिक औषधे, काही नैराश्यविरोधी औषधे आणि स्टेरॉइड ही त्याची परिचित कारणे असून त्यांपैकी पहिल्या गटाची कारणमीमांसा सर्वांत स्पष्ट झालेली आहे.

मेंदूतील डोपामाइन हे पोष ग्रंथीला प्रोलॅक्टिन हे स्तनात दूध निर्माण करवणारे संप्रेरक स्रवण्यापासून सतत रोखून धरते. अँटिसायकोटिक औषधे डोपामाइनचे ग्राही अडवतात. त्यामुळे भ्रम आणि भास कमी होतात, पण पोष ग्रंथीवरचा हा लगामही सुटतो. वाढलेले प्रोलॅक्टिन मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाकडून बीजकोशांकडे जाणाऱ्या संदेशांची लय मंदावते, बीजमोचन होत नाही आणि इस्ट्रोजेन घटते. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्प्राइड आणि हॅलोपेरिडॉल यांनी प्रोलॅक्टिन अधिक वाढते, ओलॅन्झापिनने बेताचे, तर क्वेटियापिन, क्लोझापिन आणि ॲरिपिप्राझोल यांनी सहसा फारसे वाढत नाही.

दोष औषधाचा की मूळ आजाराचा, हा वाद जुना आहे. पहिले अँटिसायकोटिक क्लोरप्रोमाझिन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस वापरात आले, परंतु मनोरुग्ण स्त्रियांची पाळी थांबल्याच्या नोंदी त्यापूर्वीच्याही आहेत, आणि कुपोषण व तीव्र ताण यांनीही पाळी थांबते. मानवी प्रोलॅक्टिन वेगळे ओळखून रक्तात मोजणे १९७० च्या सुमारासच शक्य झाल्याने तोपर्यंत निवाडा करण्याचे साधन नव्हते. पुढे औषध न घेतलेल्या काही नवरुग्णांतही ते किंचित वाढलेले आढळले, म्हणून आजाराचा वाटा पूर्णपणे नाकारता येत नाही. तरीही औषध बदलताच पातळी उतरते आणि पाळी परतते, हा वारंवार येणारा अनुभव औषधाच्या बाजूने अधिक वजनदार ठरतो.

नैराश्यविरोधी औषधांत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन क्वचित आणि थोडेच वाढते. रक्तबिंबिकांवरील परिणामामुळे काहींना रक्तस्राव जास्त होतो. कॉर्टिकोस्टेरॉइड गोळ्या मेंदूकडून येणारे संदेश दाबतात, तर सांध्यात दिलेल्या ट्रायमसिनोलोनच्या इंजेक्शनानंतर काही आठवडे पाळी पुढेमागे होऊ शकते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. सत्तावीस वर्षांच्या एका स्त्रीची पाळी दर तीस दिवसांनी येत असे. रिस्पेरिडोनची मात्रा २ वरून ४ मिलिग्रॅम झाल्यावर ती ४५ दिवसांवर गेली आणि नंतर तीन महिने आलीच नाही, शिवाय स्तनातून थोडे दूध येऊ लागले. डॉक्टरांना तिने कॅलेंडरवरच्या नोंदी दाखवून सांगितले, “गोळी वाढवल्यापासून पाळी चुकते आहे. प्रोलॅक्टिन तपासता येईल का?” नुसते “पाळीचा त्रास आहे” असे म्हणण्यापेक्षा हे वाक्य अधिक उपयोगी आहे, कारण त्यात औषध आणि लक्षण यांचा काळ जोडलेला आहे. दुधाचा उल्लेख संकोचाने वगळला जातो, पण निदानाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. आम्लपित्तासाठी वा उलटीसाठी घेतलेले डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइडही सांगावे, कारण तीही प्रोलॅक्टिन वाढवतात.

प्रथम गर्भधारणेची चाचणी होते, मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची. गर्भवती नसलेल्या स्त्रीत प्रोलॅक्टिन साधारणतः मिलिलिटरमागे २५ नॅनोग्रॅमच्या आत असते. येथे ते ९२ आले. याचा अर्थ लावताना सावधगिरी लागते, कारण पोष ग्रंथीच्या गाठीनेही ते वाढते. डोकेदुखी किंवा दृष्टीच्या कडा अंधुक होणे असेल, अथवा औषध आणि वाढ यांचा काळ जुळत नसेल, तर एमआरआय करावा लागतो. खात्रीसाठी औषध तीन दिवस थांबवून पुन्हा मोजण्याची पद्धत आहे, पण ती मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीनेच, आणि महिनाभर परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनच्या बाबतीत ती निरुपयोगी ठरते.

उपाय म्हणून मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा ॲरिपिप्राझोल थोड्या मात्रेत जोडणे यांचा विचार होतो. अमिसल्प्राइडबरोबर या जोडीचा गुण कमी दिसतो. प्रोलॅक्टिन उतरवणारे कॅबरगोलिन मनोविकार उफाळून आणू शकते, म्हणून ते सहसा मागे ठेवले जाते. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा मासिक स्राव हा बीजमोचनाचा पुरावा नसल्याने त्या घेत असल्यास पाळी “नियमित” दिसूनही मूळ बिघाड झाकलेला राहू शकतो. इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिल्यास हाडे विरळ होतात, म्हणून रुग्णेला पाळी न येणे सोयीचे वाटले तरी ते डॉक्टरांना सांगावे.

गोळी स्वतःहून बंद करू नये. अँटिसायकोटिक सोडल्यास आजार उलटू शकतो, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवल्यास अधिवृक्क ग्रंथी अपुरी पडून जिवावर बेतू शकते. औषध बदलल्यानंतर पहिल्या पाळीपूर्वीच बीजमोचन होऊ शकते. त्यामुळे गर्भधारणा नको असल्यास गर्भनिरोधनाचा प्रश्न त्याच भेटीत विचारावा लागतो.