पुस्तकाची सूची हाताने करणे

पुस्तकाच्या शेवटी अकारविल्हे लावलेली नावं, गावं, विषय आणि त्यांच्यापुढे पानांचे आकडे असतात, त्याला सूची म्हणतात, कुणी निर्देशसूची म्हणतं. सुरुवातीची अनुक्रमणिका वेगळी, ती प्रकरणं सांगते. सूची सांगते की तुम्हाला हवी ती गोष्ट नेमकी कुठल्या पानावर आहे, आणि ती गोष्ट तुम्ही कुठल्या नावाने शोधाल याचा अंदाज सूचिकाराने आधीच बांधलेला असतो. इंग्रजीत हे स्वतंत्र काम मानतात, ब्रिटनमध्ये १९५७ पासून सूचिकारांची संस्था आहे. मराठीत बऱ्याचदा लेखक स्वतःच करतो किंवा संपादक करतो, आणि वेळ कमी पडला की पहिली गळते ती सूचीच, हे फार वाईट आहे.

उदाहरणासाठी जुन्या पुण्याच्या पाण्यावरचं एक अडीचशे पानांचं पुस्तक धरू. त्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळातला कात्रजचा तलाव आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत आलेला नळ असेल, हौद असतील, खडकवासला असेल आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर असेल.

कॉम्प्युटरवर शब्द शोधून आकडे लिहिले तर काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. मराठीत बरंच बिघडतं. या पुस्तकाच्या फाईलमध्ये 'पूर' शोधा, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर सगळे हजर होतात, आणि 'पुरात वाहून गेलं' हे वाक्य मात्र सापडत नाही कारण तिथे उकार ऱ्हस्व झालाय. 'विहीर' शोधलं की 'विहिरीत' सुटतं, 'पेशवे' शोधलं की 'पेशव्यांनी' सुटतं. आणि शब्द सगळे पकडले तरी विषय पकडला जात नाही. समजा एका पानावर लिहिलंय की धरणं फुटल्यावर नळ कोरडे पडले आणि लोक परत आडावर जायला लागले, तर ते पान पाणीटंचाईचं आहे, पण 'टंचाई' हा शब्द त्या पानावर कुठेच नाही. ते वाचणाऱ्या माणसालाच कळतं.

म्हणून काम सुरू होतं ते शेवटच्या प्रूफावर, पानं पक्की झाल्यावर. त्याआधी केलं तर लेखकाने एक परिच्छेद वाढवला की पुढचे सगळे आकडे सरकतात. प्रूफ हातात पेन्सिल घेऊन वाचायचं, विषयाखाली रेघ ओढायची, आणि एका शीर्षकाला एक कार्ड या हिशोबाने कार्डावर शीर्षक मूळ रूपात लिहायचं, म्हणजे 'हौदात', 'हौदांना' असं काहीही आलं तरी कार्ड 'हौद' याच नावाचं. खाली पान नंबर टाकत जायचं. कार्ड ५ बाय ३ इंचाचं चालतं, ते खोक्यात अक्षरवार उभं राहतं आणि मध्ये नवीन घालता येतं, वहीत हे जमत नाही.

दोन-चार प्रकरणं झाली की काही कार्डं फुगायला लागतात, खरं काम तिथून पुढे. कात्रजचं कार्ड असं झालं असेल:

कात्रज तलाव: १४, २२, २३, २४, ३१, ४७, ५८, ९१, १४०

नऊ आकडे. वाचकाला बांधकामाबद्दल हवं असेल तर त्याने नऊ पानं उलटायची का? तो दोन पानं बघेल आणि सोडून देईल. साधारण पाच-सहा आकड्यांच्या वर गेलं की पोटशीर्षकं पाडायची, आणि त्यासाठी ती सगळी पानं परत उघडावी लागतात. उघडल्यावर दिसतं की पान १४ वर 'कात्रजच्या बाजूला' एवढाच उल्लेख आहे आणि १४० वर नुसतं नाव आलंय. हे दोन्ही काढून टाकायचे, कारण तिथे जाऊन वाचकाला काहीच मिळणार नाही. उरतं ते असं:

कात्रज तलाव
– इंग्रजी अमलातली अवस्था, ९१
– गाळ, ५८
– नळ, शनिवारवाड्यापर्यंत, ३१, ४७
– बांधकाम, २२–२४

२२–२४ याचा अर्थ सलग चर्चा. तीन पानांवर तुटक तुटक उल्लेख असतील तर २२, २३, २४ असंच ठेवायचं, हा फरक जाणकार वाचक बघतो. पोटशीर्षकात पहिला शब्द महत्त्वाचा ठेवायचा, 'च्या संदर्भात', 'विषयी' असलं शेपूट नको.

नावांचा घोळ सगळ्यात जास्त. लेखक एका प्रकरणात 'नानासाहेब' लिहितो, दुसऱ्यात 'बाळाजी बाजीराव', माणूस एकच. उलट नुसतं 'नाना' आलं तर ते नाना फडणवीस असू शकतात, आणि पुस्तक १८५७ पर्यंत गेलं तर बिठूरचे नानासाहेब तिसरेच. बाळाजी विश्वनाथ तर नानासाहेबांचे आजोबा. एकाच कार्डावर हे लोक मिसळले तर सूची खोटं बोलायला लागते, म्हणून शंका आली की पान परत वाचायचं आणि शीर्षकातच ओळख घालायची: 'नानासाहेब पेशवे (बाळाजी बाजीराव)'. मग 'बाळाजी बाजीराव' इथे 'पाहा नानासाहेब पेशवे' अशी सूचना द्यायची.

'पाहा' म्हणजे इथे काही नाही, तिकडे जा. 'हेही पाहा' म्हणजे इथे आहेच, जवळचं आणखी तिकडे आहे, जसं 'हौद' खाली 'हेही पाहा कात्रज तलाव'. खडकवासल्याच्या जलाशयाला इंग्रज लेक फाईफ म्हणायचे, जुने कागद वाचलेला माणूस त्या नावाने येईल, तेव्हा 'लेक फाईफ, पाहा खडकवासला' हवंच. पुराच्या बाबतीत कुणी 'पानशेत' बघेल, कुणी 'पूर'. तिथे आकडे दोनच असतील तर 'पाहा' लिहून वाचकाला पळवू नका, दोन्हीकडे आकडे देऊन टाका, जागा तेवढीच लागते. 'पूर, पाहा पानशेत' आणि 'पानशेत, पाहा पूर' असा चक्री प्रकार छापलेल्या पुस्तकांतही सापडतो, म्हणून शेवटी प्रत्येक 'पाहा' वर बोट ठेवून त्या शीर्षकापर्यंत जाऊन यायचं.

क्रम लावताना ळ आणि अनुस्वार त्रास देतात. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून क्रम नदी, नवी पेठ, नळ. पण युनिकोडमध्ये ळ ची जागा ल च्या लगेच नंतर आहे, त्यामुळे नुसतं कोडनुसार सॉर्ट केलं की नदी, नळ, नवी पेठ असं होतं. 'आंबील ओढा' आ च्या सुरुवातीला की शेवटी यावर कोशांमध्येही एकमत नाही, कुठलाही एक नियम धरा आणि सूचीच्या वर दोन ओळींत सांगून टाका.

छपाई बहुतेक सोळा पानांच्या फॉर्मात होते, म्हणून प्रकाशक शेवटी सांगतो की सूचीला सहाच पानं उरलीत आणि तुमची तर नऊ झालेली असतात. कापायचं तर आधी उरलेसुरले ओझरते उल्लेख काढा, मग एकाच पानाकडे नेणारी दोन-तीन पोटशीर्षकं एकत्र करा, मग टाईप एक पॉईंट लहान करून दोन कॉलम करा. 'पाहा' च्या ओळींना हात सगळ्यात शेवटी, कारण वाचकाच्या तोंडातला शब्द आणि लेखकाचा शब्द वेगळा असेल तिथे त्याला पानापर्यंत नेणारी तेवढी एकच ओळ असते.