पासवर्ड कापणे आणि पासवर्ड घुसळणे: बीक्रिप्टच्या 72 बाइटांची गोष्ट

पासवर्ड साठवण्याआधी त्याचा हॅश करणाऱ्या बीक्रिप्टला लांबलचक पासवर्ड दिला, तर त्याचे बहुधा दोनपैकी एक काहीतरी होते. लायब्ररी पहिले 72 बाइट घेते आणि पुढचे मुकाट्याने टाकून देते. किंवा आपण आधीच तो पासवर्ड एसएचए-256 सारख्या हॅशमधून काढून आखूड करतो आणि मग बीक्रिप्टकडे सोपवतो. दोन्हीकडे लांब मजकूर आत जातो आणि आखूड मजकूर बाहेर येतो, म्हणून पुष्कळ जण दोन्हींना एकाच मापाने मोजतात: ‘शेवटी माहिती कमीच झाली ना?’ खरे तर एकात पासवर्डचा काही भाग हिशेबातूनच जातो, आणि दुसऱ्यात शेवटचे अक्षरसुद्धा निकालावर परिणाम करते.

मुळात 72 हा आकडा आला कुठून? नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी 1999 मध्ये मांडलेले बीक्रिप्ट ब्लोफिश या सायफरवर उभे आहे. ब्लोफिशच्या आत 32 बिटांच्या 18 उपकिल्ल्यांची एक रांग असते. 18 गुणिले 4, म्हणजे 72 बाइट. पासवर्डचे बाइट या रांगेवर एकामागून एक एक्सऑर केले जातात. पासवर्ड आखूड असेल तर तो पुन्हा सुरुवातीपासून फिरवला जातो. लांब असेल तर 72 व्या बाइटला रांग भरते आणि त्र्याहत्तराव्याला जागाच उरत नाही. ही मर्यादा कोणी धोरण म्हणून ठरवलेली नाही, ती रचनेतूनच येते. म्हणून तिथे ‘पासवर्ड फार मोठा आहे’ असे सांगणारे कोणी नव्हते. तो इशारा लायब्ररीने द्यायचा होता, आणि बऱ्याच लायब्रऱ्यांनी वर्षानुवर्षे दिला नाही.

मर्यादा बाइटांची आहे, अक्षरांची नाही, आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला ही गोष्ट फार लवकर भिडते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त यांचे प्रत्येकी तीन वेगळे. ‘क्या’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात क, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे 12 बाइट. आता हे वाक्य पासवर्ड म्हणून घ्या:

निळ्या दारामागे सात खिडक्या आणि एक जुना दिवा

अक्षरे मोजली तर 19, बाइट मोजले तर 118. पहिला शब्द 18 बाइटांचा, दुसरा 24 चा, तिसरा 9 चा. तीन मोकळ्या जागा धरून ‘खिडक्या’च्या आधीच 54 बाइट संपतात. उरलेल्या 18 मध्ये ‘खिडक्य’ बसते आणि काना बाहेर पडतो. ‘आणि एक जुना दिवा’ हा सगळा भाग बीक्रिप्टने पाहिलेलाच नसतो. वापरणाऱ्याला वाटते आपला पासवर्ड आठ शब्दांचा आहे, पण दार चार शब्दांनी उघडते, तेही चौथा शब्द अपुरा असताना. हे ताडून पाहायला तीन ओळी पुरतात:

```python
pw = "निळ्या दारामागे सात खिडक्या आणि एक जुना दिवा".encode("utf-8")
h = bcrypt.hashpw(pw, bcrypt.gensalt())
print(len(pw), bcrypt.checkpw(pw[:72], h))
```

पायथॉनच्या `bcrypt` पॅकेजच्या 5.0 च्या आधीच्या आवृत्तीवर `118 True` छापून येईल. 5.0 पासून दुसऱ्या ओळीवरच `ValueError` येतो. गो भाषेची लायब्ररीही आता हॅश करताना `ErrPasswordTooLong` परत करते. पीएचपीचे `password_hash` मात्र `PASSWORD_BCRYPT` वापरताना आजही 72 वर गुपचूप कापते. तेव्हा आपली लायब्ररी नेमके काय करते हे गृहीत धरू नये, चालवून पाहावे.

या कापण्याने सगळ्यांचेच नुकसान होते असे नाही. पासवर्ड मॅनेजरने काढलेली शंभर यादृच्छिक अक्षरे असतील, तर त्यांतली पहिली 72 फोडणेही कोणाच्या आवाक्यात नाही. फटका बसतो तो ओळखण्यासारखा भाग पुढे आणि गुपित मागे असेल तेव्हा. 2024 मध्ये ओक्टाच्या लॉगिन सेवेत हेच घडले. तिथे कॅशची किल्ली बनवताना वापरकर्त्याचा आयडी, त्याचे यूजरनेम आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून ती माळ बीक्रिप्टला दिली जात होती. यूजरनेम 52 किंवा अधिक अक्षरांचे असले की आयडी आणि यूजरनेम मिळूनच जागा भरून जात होती आणि पासवर्ड कापण्याच्या रेषेपलीकडे पडत होता. आधीच्या यशस्वी लॉगिनची नोंद कॅशमध्ये असेल आणि काही इतर अटी जुळल्या, तर नुसत्या यूजरनेमवर प्रवेश मिळू शकत होता. ही चूक जुलैपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू कोडमध्ये होती. दुरुस्ती करताना त्यांनी त्या जागी बीक्रिप्ट काढून पीबीकेडीएफ2 बसवले.

आता दुसरी बाजू. एसएचए-256 कितीही लांब मजकूर घेते आणि 32 बाइट देते. वरच्या वाक्यातला ‘दिवा’ बदलून ‘दिवे’ केला तरी सगळा निकाल ओळखू येणार नाही इतका बदलतो. ताक घुसळल्यावर दुधाचा कोणता थेंब कुठे गेला हे सांगता येत नाही, तसे निकालाच्या प्रत्येक बिटात पासवर्डचे प्रत्येक अक्षर उतरलेले असते.

फरक नेमका कुठे आहे हे एसएचए-512 च्या उदाहरणातून सर्वांत स्वच्छ दिसते. समजा कोणी एसएचए-512 चा निकाल हेक्स अंकांत लिहून बीक्रिप्टला दिला. तो निकाल 128 अंकांचा, म्हणजे बीक्रिप्ट त्यातले 56 कापणार. कोड तपासणारा लगेच लाल शेरा मारेल. पण उरलेले 72 हेक्स अंक म्हणजे 288 बिट, आणि त्या प्रत्येकात सगळा पासवर्ड उतरलेला आहे. ‘दिवा’ आणि ‘दिवे’ यांचे निकाल कापल्यानंतरही वेगळेच राहतात. म्हणजे कापणे दोन्हीकडे आहे, पण घुसळण्याआधी कापले तर पासवर्ड जातो आणि घुसळल्यानंतर कापले तर फक्त गरजेपेक्षा जास्त असलेले बिट जातात. मी तरी असा कोड मुद्दाम लिहिणार नाही, कारण वाचणाऱ्याला दर वेळी हा हिशेब करावा लागतो. पण त्याला वरच्या चुकीच्या पंगतीत बसवणे बरोबर नाही.

उलट, दिसायला नीटनेटका असलेला एक प्रकार खरोखर घातक आहे: एसएचए-256 चे 32 कच्चे बाइट थेट बीक्रिप्टला देणे. 32 हे 72 पेक्षा कमी, मग बिघडले कुठे? बीक्रिप्टच्या अनेक अंमलबजावण्या सी भाषेच्या पद्धतीने पासवर्ड वाचतात, म्हणजे शून्य किमतीचा बाइट दिसला की मजकूर संपला असे मानतात. कच्च्या हॅशमध्ये कोणत्याही जागी शून्य येऊ शकते. पहिलाच बाइट शून्य असण्याची शक्यता 256 मध्ये 1. ज्यांच्या वाट्याला तो येतो त्यांचा पासवर्ड बीक्रिप्टच्या दृष्टीने रिकामा ठरतो. हल्लेखोराला फक्त असा एखादा शब्द शोधायचा असतो ज्याचा हॅश शून्याने सुरू होतो. सरासरी 256 प्रयत्नांत तो सापडतो, आणि मग तोच एक शब्द अशा प्रत्येक खात्याचे दार उघडतो. म्हणजे 72 वरचे कापणे टाळायला गेलो आणि पहिल्याच बाइटवर कापून घेतले. उपाय साधा आहे: निकाल बेस64 किंवा हेक्समध्ये लिहून मगच द्यावा. बेस64 मध्ये 44 बाइट होतात, हेक्समध्ये 64, दोन्ही मर्यादेत बसतात आणि शून्य बाइटचा प्रश्नच येत नाही. जॅंगोचा `BCryptSHA256PasswordHasher` हेक्सचाच मार्ग घेतो.

बीक्रिप्टच्या आधी केलेल्या या पूर्व-हॅशला आणखी एक कच्ची बाजू आहे, ती कापण्याशी संबंधित नाही. समजा दुसऱ्या एखाद्या साइटवरून बिनमिठाचे, म्हणजे प्रत्येक पासवर्डला वेगळी यादृच्छिक भर न घालता काढलेले, एसएचए-256 हॅश फुटले आहेत आणि आपणही आत साधे एसएचए-256 च वापरतो. हल्लेखोर ते फुटलेले हॅश जसेच्या तसे उमेदवार म्हणून आपल्या बीक्रिप्टवर चालवून पाहतो. एखादा जुळला की बीक्रिप्टचे जाड कवच गळून पडते, आणि आतला वेगवान हॅश ग्राफिक्स कार्डावर निवांत फोडता येतो. म्हणून आत साधा हॅश न वापरता आपल्याच किल्लीचा एचएमएसी, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश, वापरावा. ती किल्ली डेटाबेसच्या बाहेर ठेवावी.

```python
def tayari(pw: str, key: bytes) -> bytes:
    d = hmac.new(key, pw.encode("utf-8"), hashlib.sha256).digest()
    return base64.b64encode(d)

h = bcrypt.hashpw(tayari(pw, key), bcrypt.gensalt(12))
```

ही किल्ली हरवली तर सगळ्यांचे पासवर्ड निरुपयोगी होतात, हे मात्र आधीच लक्षात घेऊन तिची राखण करावी. नवीन प्रणाली कोऱ्या पाटीवर उभारत असाल तर माझे मत सरळ आहे: आर्गॉन2आयडी घ्या, तिथे ही मर्यादाच नाही. आणि बीक्रिप्ट ठेवून नुसते ‘72 बाइटांपेक्षा मोठा पासवर्ड चालणार नाही’ असे सांगणेही प्रामाणिक आहे. पण देवनागरीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला मग जेमतेम 24 चिन्हे येतात, आणि हा भेद मला पटत नाही.

जुन्या हॅशांवरून नव्या पद्धतीवर जाताना या दोन गोष्टी पुन्हा एकमेकींत अडकतात. साठवलेल्या हॅशमधून पासवर्ड मागे काढता येत नाही, त्यामुळे रिवाज असा की वापरकर्ता लॉगिन करेल तेव्हा जुन्या पद्धतीने पडताळायचे, आणि जुळले की त्याच क्षणी नव्या पद्धतीने पुन्हा हॅश करायचे. आता वरच्या वाक्यात ‘दिवा’ऐवजी घाईत ‘दिव’ टाइप झाले असे धरा. जुनी पडताळणी 72 च्या पुढे पाहतच नाही, ती हो म्हणते. नवा हॅश ‘दिव’चा बनतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपला अचूक पासवर्ड टाकतो आणि त्याला नकार मिळतो. तक्रार आली की लॉगमध्ये काहीच सापडत नाही, कारण प्रत्येक पायरीने आपले काम नियमानुसारच केलेले असते. म्हणून स्थलांतराच्या वेळी टाइप केलेला पासवर्ड 72 बाइटांपेक्षा मोठा निघाला, तर तो गुपचूप पुन्हा हॅश करू नये. वापरकर्त्याची ओळख वेगळ्या मार्गाने पटवून त्याच्याकडून पासवर्ड नव्याने, दोनदा लिहून घ्यावा. शिवाय हॅशसोबत पद्धतीची खूणही साठवावी, कारण `$2b$12$` ही सुरुवात दोन्ही प्रकारांत सारखीच दिसते आणि आत कच्चा पासवर्ड गेला की घुसळलेला, हे तिच्यावरून कळत नाही.