परदेशात नोकरी, कोल्हापुरात घर : हप्ता चुकू नये म्हणून

आखातात कमावणाऱ्या माणसाचा गृहकर्जाचा हप्ता बहुतेक वेळा पैशाअभावी चुकत नाही. पैसा वेळेत किंवा योग्य खात्यात नसतो, म्हणून चुकतो.

नोकरीसाठी परदेशी गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या रुपयांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई एनआरई, म्हणजे परदेशातून पाठवलेल्या पैशासाठीच्या खात्यात ठेवणं सोयीचं, आणि हप्ताही तिथूनच कापला जावा. पण नवं खातं उघडलं म्हणजे हप्ता आपोआप तिकडे वळत नाही. बँकेत नवं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापून घ्यायची संमती, द्यावं लागतं आणि ते नोंदवायला काही दिवस जातात. नव्या खात्यातून पहिला हप्ता कापलेला दिसेपर्यंत जुन्या, म्हणजे एनआरओ केलेल्या खात्यात पैसे ठेवा आणि ते बंद करू नका.

आता तारखेचं. समजा, राजारामपुरीतल्या फ्लॅटसाठी 30 लाखांचं कर्ज आहे, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 26,035 रुपये, तारीख 5. कर्जदार दुबईत आहे. पाच तारीख रविवारी आली आणि त्याने शुक्रवारी रात्री तिथल्या बँकेतून पैसे पाठवले. शनिवार-रविवार तिकडे सुट्टी, रविवारी इकडेही. रक्कम जमा होणार सोमवारी किंवा मंगळवारी. मँडेटची वसुली मात्र 1 ऑगस्ट 2021 पासून सुट्टीच्या दिवशीही होते. म्हणजे रविवारीच हप्ता परत गेला, दंड लागला आणि उशिराची नोंद सिबिलमध्ये जाऊ शकते. सोमवारी पैसे आले तरी बँक ते पुन्हा कापेलच असं नाही. थकलेला हप्ता स्वतः भरा आणि कर्जखात्याच्या उताऱ्यात थकबाकी शून्य झाली का, ते पाहा.

अशा वेळी गावाकडे वडील घाईने बँकेत रोख घेऊन जातात. त्यांचा हेतू चांगला, पण इथले रुपये एनआरई खात्यात भरता येत नाहीत. ते एनआरओत चालतात. त्याहून बरं म्हणजे वडिलांनी आपल्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरावेत. जवळच्या नातेवाइकाला तशी मुभा आहे. म्हणून कर्जखात्याचा क्रमांक आणि आयएफएससी घरच्यांकडे लिहून ठेवाच.

आमचा सल्ला असा की एनआरईत दोन हप्त्यांची, म्हणजे साधारण 52 हजारांची रक्कम कायम पडून असू द्या आणि दर महिन्याचे पैसे तारखेच्या पाच कामकाजाचे दिवस आधी पाठवा.

शिल्लक साचली तर मुदतीआधी भरा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्यासाठी शुल्क नाही. वरच्या कर्जात वर्षभराने 3 लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर दर तसाच राहिल्यास मुदत सुमारे चार वर्षांनी घटते. मात्र ‘हप्ता कमी नको, मुदत कमी करा’ असं बँकेला लेखी कळवा.

सुट्टीत गावी आलात की मंजुरीपत्र, कर्जखात्याचा ताजा उतारा आणि पासपोर्ट घेऊन आमच्या कार्यालयात या. मँडेटचा अर्ज तुमच्यासोबत बसून भरू.