क्रिएटिन आणि क्रिएटिनिन: सात ओळींच्या चिठ्ठीची पार्श्वभूमी

वय ४८, बैठे काम, सहा महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा जिम. दवाखान्यात बीपी १३६/८६. गोळी अजून सुरू नाही. ट्रेनरने क्रिएटिनचा डबा घ्यायला सांगितला आणि घरी बायको म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारा, त्याने किडनी जाते म्हणतात." त्यांना मी दिलेली चिठ्ठी अशी होती:

"घ्यायला हरकत नाही, पण आज नको. आधी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून आणा. रिपोर्ट ठीक आले तर रोज ३ ग्रॅम साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, लोडिंग नको. 'प्री-वर्कआउट' पावडर नको. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेत असाल तर मला सांगा. आठ आठवड्यांनी पुन्हा या."

या ओळींचा क्रम मी मुद्दाम असा ठेवतो. 'आज नको' आणि 'आधी तपासा' ही जोडी कुठून आली, हे कळायला जरा मागे जावे लागते.

१८३२ मध्ये मिशेल शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसाच्या अर्कात एक नवा पदार्थ सापडला. मांसाला ग्रीकमध्ये 'क्रेआस' म्हणतात, त्यावरून त्याने नाव ठेवले क्रिएटिन. १८४७ मध्ये जर्मनीत युस्टुस फॉन लीबिगने दाखवले की हा पदार्थ सस्तन प्राण्यांच्या स्नायूंत सगळीकडे असतो. शिकारीत धावून मेलेल्या रानकोल्ह्यांच्या मांसात तो पिंजऱ्यातल्या कोल्ह्यापेक्षा जवळजवळ दहापट भरला. क्रिएटिनपासून तयार होणाऱ्या दुसऱ्या एका पदार्थाला लीबिगनेच क्रिएटिनिन हे नाव दिले. नावात एका अक्षराचा फरक, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका अक्षराभोवती आहे.

आपल्या शरीरात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असते, बहुतेक सगळे स्नायूंत. त्यातले दीड-दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलते, रक्तात येते आणि किडनीवाटे लघवीत जाते. म्हणजे रोज दोनेक ग्रॅमची भरपाई लागते. काही शरीर स्वतः बनवते, काही मांस-मासळीतून मिळते. पूर्ण शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा थोडा कमी असतो, म्हणून पावडर घेतल्यावर त्याच्यात वाढही जास्त दिसते.

१८८६ मध्ये माक्स याफेला आढळले की अल्कलीच्या सोबतीने पिक्रिक आम्ल घातले की क्रिएटिनिनचा रंग नारिंगी-लाल होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑटो फोलिनने त्या रंगावरून प्रमाण मोजायची पद्धत बसवली. आज आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये क्रिएटिनिन होते ते बऱ्याच ठिकाणी याच रंगावर, फक्त रंग यंत्र वाचते.

त्याच फोलिनच्या हार्वर्डमधल्या विभागात भीमावरमहून मद्रासमार्गे आलेला एक तरुण डॉक्टर होता, येल्लाप्रगडा सुब्बाराव. सायरस फिस्कबरोबर तो स्नायूंतला फॉस्फेट मोजत होता. फॉस्फेटमुळे येणारा रंग लगेच पूर्ण यायला हवा होता, पण स्नायूच्या अर्कात तो हळूहळू गडद होत राहायचा. दुसरा कोणी असता तर पद्धत चुकली म्हणून नळी ओतून टाकली असती. हे दोघे थांबले, आणि लक्षात आले की एक नाजूक संयुग फुटत जाऊन फॉस्फेट मोकळा करते आहे. ते फॉस्फोक्रिएटिन, वर्ष १९२७. इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यालाही त्याच वर्षी तेच सापडले. जोर लावल्यावर पहिल्या काही सेकंदांत स्नायूला लागणारी ऊर्जा या साठ्यातून भरून निघते. ट्रेनर "शेवटचे दोन रेप्स निघतील" म्हणतो त्यामागे हे आहे, आणि त्यात तो चुकत नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी फिस्क-सुब्बाराव पद्धत पाठ केलेली असते, पण तिचा जिमच्या डब्याशी असा संबंध आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. मला तो सांगायला आवडतो.

पुढची साठेक वर्षे क्रिएटिन प्रयोगशाळेतच राहिले. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दिवसातून चार ते सहा वेळा ५-५ ग्रॅम घेतले तर स्नायूंतला साठा काही दिवसांत वाढतो. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिक झाले, काही ब्रिटिश धावपटू ते घेत असल्याच्या बातम्या आल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत डबे दुकानांत आले. 'लोडिंग' हा शब्द तिथला. १९९६ मध्ये एरिक हुल्टमन यांच्या गटाने मोजून पाहिले, की रोज २० ग्रॅम सहा दिवस घेतल्याने साठा जिथे पोहोचतो, तिथेच रोज ३ ग्रॅम घेतल्याने अठ्ठावीस दिवसांत पोहोचतो. माझ्या रुग्णाला कुठल्या स्पर्धेची घाई नाही. लोडिंगमध्ये पोट बिघडते, आठवड्यात किलोभर वजन चढते आणि माणूस घाबरून मला फोन करतो. म्हणून ३ ग्रॅम.

मग किडनीची भीती. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर आठवड्यांच्या अंतराने दगावले आणि आधी संशय क्रिएटिनवर आला. चौकशीत दिसले की तिघेही वजनगटात बसण्यासाठी रबराचे सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करून, पाणी तोडून वजन उतरवत होते. संशय उतरला, बातमी मात्र राहिली. काही महिन्यांतच, एप्रिल १९९८ मध्ये, लॅन्सेटमध्ये एक पत्र छापून आले. पंचवीस वर्षांचा एक तरुण क्रिएटिन घेऊ लागला, त्याची किडनी मंदावल्याचे आकडे आले, आणि बंद केल्यावर ते पूर्ववत झाले. या तरुणाला आधीपासून किडनीच्या चाळण्यांवर व्रण पडण्याचा आजार होता आणि तो सायक्लोस्पोरिनवर होता, जे औषध स्वतःच किडनीला जड असते. पत्र लिहिणाऱ्यांनी हे लपवले नव्हते. बातमी तोंडातोंडी फिरताना तेवढाच भाग गळाला.

किडनीचे काम आपण थेट मोजत नाही. रक्तात क्रिएटिनिन किती साचले यावरून अंदाज करतो आणि त्याला ईजीएफआर म्हणतो. हा अंदाज धरून चालतो की क्रिएटिनिन तयार होण्याचा वेग नेहमीसारखाच आहे. पावडर घेतली की तो वेगच वाढतो. किडनी तेवढीच काम करत असते, तरी कागदावर मंद दिसते. आमच्या या गृहस्थांचे आधीचे क्रिएटिनिन १.० होते, ४८ वर्षांच्या पुरुषाला सध्याच्या सूत्राने ईजीएफआर ९३. तेच १.२ झाले तर सूत्र ७५ म्हणते. आधीचा रिपोर्ट हातात नसेल तर ही घट पावडरची की आजाराची, हे कोणालाही सांगता येत नाही. 'आज नको' याचे कारण एवढेच.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ब्राझीलमधून आला. २०१० मध्ये ब्रुनो गुआलानो यांच्या गटाने जन्मापासून नव्हे, पण एकच किडनी उरलेल्या वीस वर्षांच्या तरुणाची नोंद छापली. त्याने पाच दिवस २० ग्रॅम आणि पुढे महिनाभर रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतले. क्रिएटिनिन १.०३ वरून १.२७ झाले आणि त्यावरून काढलेला अंदाज ८८ वरून ७१ वर घसरला. पण त्यांनी किरणोत्सर्गी खूण लावलेला पदार्थ टोचून गाळण थेटही मोजली होती. ती आधी ८१.६ होती, नंतर ८२.०. एकाच माणसाच्या बाबतीत आहे हे खरे, तरी अंदाज आणि मोजमाप यांतली फारकत इतकी उघडी क्वचितच दिसते. निरोगी लोकांवरचे इतर अभ्यासही त्याच बाजूचे आहेत. ज्यांची किडनी आधीच बिघडली आहे त्यांना बहुतेक अभ्यासांतून वगळलेले असते, म्हणून लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन गळताना सापडले तर माझे उत्तर बदलते. मग पावडर बाजूला ठेवायची आणि बीपीच्या गोळीचे आधी बोलायचे.

राहिले बीपी. १९७८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत 'बॉर्डरलाइन' म्हणजे १४० ते १५९ च्या घरातला वरचा आकडा होता. आज १३० ते १३९ ला आपण तोच शब्द वापरतो, आणि दवाखान्यातल्या एका आकड्यावर तो ठरवत नाही, म्हणून घरचे सात दिवस. क्रिएटिनने पाणी धरते, ते मुख्यतः स्नायूंच्या पेशींत. २००० मध्ये मिहिच आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्त्री-पुरुषांना पाच दिवस २० ग्रॅम देऊन पाहिले. वजन वाढले, बीपी वाढले नाही. माझ्या रुग्णाच्या वयात आणि चढत्या बीपीत वर्षानुवर्षे घेतल्याचे अभ्यास फार थोडे आहेत, म्हणून आठ आठवड्यांनी पुन्हा बोलावतो.

बीपी खरोखर चढवतात ते डब्याचे सोबती. नव्वदच्या दशकात एफेड्रा ही उत्तेजक वनस्पती आणि कॅफिन असलेली पूरके सर्रास विकली गेली, आणि अमेरिकेने २००४ मध्ये आहारपूरकांतून एफेड्रा काढून टाकला. कॅफिन मात्र प्री-वर्कआउटमध्ये अजून भरपूर असते. दुसरा सोबती दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही कमी करतात.

त्या ओळीचे उत्तर गृहस्थांनी दुसऱ्या भेटीत दिले. स्क्वॉट्स सुरू केल्यापासून आठवड्यातून चार-पाच दिवस डायक्लोफेनॅक, मेडिकलमधून परस्पर. घरची सरासरी १३७/८७ होती. गोळी बंद करून गुडघ्याच्या व्यायामाला पाठवले, आणि तीन आठवड्यांनी घरची सरासरी १२९/८१ आली. अल्ब्युमिन नव्हते. तेव्हा क्रिएटिन सुरू केले. आठ आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ आले आणि त्यांनी लॅबमधूनच धास्तावून फोन केला. लिहून ठेवलेला १.० शेजारी ठेवून दाखवला, अल्ब्युमिन पुन्हा तपासले, ते नव्हतेच. खात्रीसाठी सिस्टॅटिन सी या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी करून घेतली, कारण ते क्रिएटिनपासून बनत नाही. त्यावरचा अंदाज ९४ आला. ही तपासणी महाग वाटली असती तर महिनाभर पावडर बंद ठेवून क्रिएटिनिनच पुन्हा केले असते. चिठ्ठीच्या खाली मग एक ओळ वाढवली: "पुढे कुठेही रक्त द्याल तिथे फॉर्मवर 'क्रिएटिन, रोज ३ ग्रॅम' असे लिहा."