आवर्ती कामांची साप्ताहिक छाटणी

ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांची यादी आठवड्यातून एकदा समोर घेऊन प्रत्येक काम निकडीचे आहे का आणि महत्त्वाचे आहे का, हे तपासण्याची व त्यानुसार काही कामे कायमची बंद किंवा काही काळ स्थगित करण्याची पद्धत. एकवेळच्या कामांची वर्गवारी आणि ही छाटणी यांत फरक आहे. एकवेळचे काम केले की संपते. आवर्ती काम कोणी थांबवेपर्यंत चालूच राहते.

उगम : या पद्धतीतील निकड-महत्त्व या जोडीचे श्रेय सामान्यतः अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना दिले जाते. मात्र त्यांनी स्वतः ते घेतलेले नाही. १९ ऑगस्ट १९५४ रोजी इव्हॅन्स्टन येथे जागतिक चर्च परिषदेच्या दुसऱ्या अधिवेशनानिमित्त केलेल्या भाषणात, आपल्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, निकडीचे आणि महत्त्वाचे, आणि निकडीचे ते महत्त्वाचे नसतात, या आशयाचे विधान त्यांनी एका ‘माजी’ महाविद्यालयीन अध्यक्षाचे म्हणून उद्‌धृत केले. नाव घेतले नाही. काही लेखक हे विधान नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अध्यक्ष जे. रॉस्को मिलर यांचे मानतात. परंतु मिलर त्या वेळी पदावर होते आणि भाषणाच्या त्याच भागात त्यांचा उल्लेख वेगळा येतो. त्यामुळे हे श्रेय वाचनातील गफलतीतून आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. निकडीचे आहे की नाही आणि महत्त्वाचे आहे की नाही, यानुसार कामे चार गटांत मांडणारा, आज परिचित असलेला चार चौकटींचा तक्ता भाषणात नाही. तो मुख्यतः स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे रूढ झाला. आठवड्याच्या आढाव्याची शिस्त डेव्हिड ॲलन यांच्या २००१ च्या पुस्तकाने लोकप्रिय केली. काम बंद करण्याचा विचार याहून जुना आहे. व्यवस्थापनशास्त्रज्ञ पीटर ड्रकर १९६० च्या दशकातच असे विचारायला सांगत, की हे काम आज चालू नसते, तर आपण ते नव्याने सुरू केले असते का? छाटणीचा खरा गाभा चार चौकटींपेक्षा या प्रश्नात अधिक आहे.

निकडीची कसोटी : आवर्ती कामांना चार चौकटींचा तक्ता जसाच्या तसा लावला, की तो फसतो. कॅलेंडर किंवा कामयादीचे ॲप प्रत्येक फेरीला नवी तारीख घालते आणि ती उलटली की काम लाल दिसू लागते. त्यामुळे शुक्रवारचा अहवाल कोणी वाचत नसला, तरी दर शुक्रवारी निकडीचा ठरतो. म्हणून तारीख कोणी घातली, हे आधी पाहतात. कायदा, ग्राहक, यंत्राची झीज किंवा ऋतू यांनी घातलेली तारीख खरी. आपणच कधीतरी टाकलेली तारीख निकडीत धरत नाहीत. महत्त्व तपासताना कामातून काय तयार होते, ते शेवटचे कोणी वापरले आणि त्यावरून कोणता निर्णय झाला, हे विचारतात.

कृती : बैठक अर्ध्या तासाहून लांबू देत नाहीत. पूर्ण यादी दर आठवड्याला चाळत नाहीत. येत्या सात दिवसांत येणारी आणि सलग तीन फेऱ्या पुढे ढकललेली कामेच घेतात. प्रत्येक कामाचा भार आठवड्याच्या मिनिटांत मोजतात. मासिक काम असल्यास लागणारी मिनिटे १२ ने गुणून ५२ ने भागतात. असे न केल्यास वर्षातून दोनदा येणारे चार तासांचे काम डोळ्यांत भरते आणि रोजचे दहा मिनिटांचे नजरेआड राहते. प्रत्यक्षात पहिल्याचा साप्ताहिक भार सुमारे ९ मिनिटे, तर दुसऱ्याचा ७० मिनिटे असतो. त्यानंतर चारपैकी एक निर्णय होतो : चालू, विरळ, स्थगित किंवा बंद. विरळ म्हणजे दोन फेऱ्यांमधले अंतर वाढवणे.

उदाहरण : महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय कल्पू. पाण्याच्या टाकीची पातळी रोज नोंदवणे (आठवड्याला ७० मिनिटे), पाहुण्यांच्या गाड्यांचा साप्ताहिक तक्ता (४०), थकबाकीदारांची साप्ताहिक यादी (४५), फायर पंपाची साप्ताहिक चाचणी (१५) आणि सुरक्षा एजन्सीच्या बिलावरील टीडीएसचा मासिक भरणा (महिन्याला ३०, म्हणजे आठवड्याला सुमारे ७) अशी कामे आहेत. एकूण १७७ मिनिटे. टीडीएस पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत) आणि उशीर झाल्यास व्याज लागते. त्यामुळे तो चालू राहतो. थकबाकीची यादी व्यवस्थापक समितीच्या बैठकीसाठी असते आणि बैठक महिन्यातून एकदाच होते, म्हणून यादीही मासिक होते व भार १० मिनिटांवर येतो. गाड्यांचा तक्ता वॉचमनच्या गेटवहीची नक्कलच असल्याने बंद होतो. टाकीची नोंद उन्हाळी टंचाईत सुरू झालेली असते. पावसाळ्यात ती स्थगित करून १ फेब्रुवारीला पुन्हा तपासायची, असे ठरते. उरतात ३२ मिनिटे.

फायर पंपाची चाचणी मात्र सोपी नाही. ती दिसायला सर्वांत निरुपयोगी, कारण दर वेळी पंप चालतोच. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. ‘तेवढे पुरे’ असा युक्तिवाद इथे हमखास होतो. परंतु दोन प्रमाणपत्रांच्या मधल्या काळात बॅटरी उतरली किंवा व्हॉल्व्ह कोणी बंद करून ठेवला, तर ते चाचणीखेरीज कळत नाही. ही चाचणी चालूच ठेवतात.

दोष : स्थगितीत सर्वाधिक चुका होतात. फेरतपासणीची तारीख आणि ती करणाऱ्याचे नाव लिहिले नाही, तर स्थगिती म्हणजे कोणी न ठरवलेली बंदी ठरते. दोन पूर्ण फेऱ्यांत कोणी विचारणा केली नाही, तर काम बंद करावे, हा प्रचलित नियम अहवाल आणि याद्यांना लागू पडतो. बॅकअप, गळती-तपासणी, अग्निशमन यांसारख्या संरक्षक कामांना तो लावणे चुकीचे, कारण त्यांची उणीव अपघात होईपर्यंत कोणाला जाणवत नाही.

तांत्रिक बाजू : कॅलेंडरांच्या देवघेवीसाठी वापरल्या जाणाऱ्या आयकॅलेंडर मानकात (आरएफसी ५५४५, २००९) आवर्तनाच्या नियमाला ‘स्थगित’ अशी अवस्था नाही. एखादी फेरी वगळण्यासाठी `EXDATE` आहे. दीर्घ स्थगितीसाठी मात्र `UNTIL` घालून मालिका संपवतात आणि पुढे नवी सुरू करतात. दर शुक्रवारी दुपारी चारला येणारी मालिका २७ जून २०२५ च्या फेरीनंतर संपवायची असेल, तर असे लिहितात :

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250103T160000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=FR;UNTIL=20250627T103000Z
```

सुरुवात कालक्षेत्रासह दिली, की `UNTIL` जागतिक प्रमाणवेळेत द्यावा लागतो. म्हणून दुपारी चारऐवजी १०:३०. तेथे `20250627T000000Z` लिहिल्यास मालिका २७ जूनच्या पहाटे साडेपाचलाच संपते आणि त्या दिवशीची फेरी गळते.

ईमॅक्स या मजकूर-संपादकातील ऑर्ग-मोड या टिपणे व कामयादीच्या सोयीत आवर्तनाचे तीन प्रकार आहेत. `+1w` जुन्या तारखेत एक आठवडा मिळवते, त्यामुळे साचलेल्या फेऱ्या एकेक करून निस्तराव्या लागतात. `++1w` तोच वार राखून थेट भविष्यातील तारखेवर जाते, तर `.+1w` काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजते. कायदेशीर मुदतीच्या कामांना शेवटचा प्रकार वापरू नये, कारण एकदा उशीर झाला की तो पुढच्या प्रत्येक फेरीत उतरतो. झाडांना पाणी घालणे, फिल्टर साफ करणे अशा कामांना मात्र तोच योग्य. त्यात खोटी थकबाकी साचत नाही आणि छाटणीच्या वेळी यादी विनाकारण लाल दिसत नाही.